सहा महिन्यांची रजा आणि मधला एक दिवस

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, नोव्हेंबर २०२४. माय पहाटे न्हाणीकडं जाताना अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय पंच्याऐंशीच्या पुढं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता सहा-आठ महिने माणूस जवळ पाहिजे. मी एकुलता एक. बायको गावी जाऊन राहिली, तरी तिला एकटीला मायला कूस वळवून द्यायला जमायचं नाही. आमचं गाव दुधनेच्या काठाला, परभणी-मानवत पट्ट्यातलं. माझं ऑफिस दुसऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी, रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होतो. खात्याचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही, कारण रजेचे नियम बहुतेक खात्यांना तेच आहेत. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२. माझी निवृत्ती ३१ जुलै २०२५ ची. सर्व्हिस बुकात रजेचं पान काढून बघितलं तर वर्षअखेरीला अर्जित, म्हणजे पूर्ण पगाराची, रजा २९६ दिवस भरत होती आणि अर्धपगारी दोनशेच्या वर. आयुष्यभर रजा न घेतल्याचा मला जरा अभिमानच होता. आता वाटतं, त्यात अभिमान कसला, रानातल्या कामाला गडी होता म्हणून जमलं.

मनात आलं, शेवटचे सहा महिने रजाच टाकावी. सोमवार ३ फेब्रुवारीपासून थेट ३१ जुलैपर्यंत. त्याच्या आधीचे शनिवार-रविवार सुट्टीचे, ते रजेला जोडून घ्यायची परवानगी मागायची. मोजले तर १७९ दिवस झाले. याला सेवानिवृत्तिपूर्व रजा म्हणतात, ऑफिसात बोलायचं तर एलपीआर.

ही गोष्ट टेबलावर काढली तशी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. "आवो, तीनशे दिवस म्हणजे नऊ-साडेनऊ लाख रुपये. कोणी सोडतं का?" आमच्या ऑफिसात गेल्या वीस वर्षांत कुणी निवृत्तिपूर्व रजा घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सगळे शेवटच्या दिवसापर्यंत खुर्चीत बसायचे, हार घालून घ्यायचे आणि न वापरलेल्या तीनशे दिवसांच्या रजेचा चेक उचलायचे. त्यामुळं बहुतेकांच्या डोक्यात निवृत्तिपूर्व रजा घेणं आणि उरलेल्या रजेची रोख घेणं, या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या होत्या. एक जण तर म्हणाला, रजा घेतली तरी रजेचे पैसे मिळतातच की.

मिळतात, पण तो पगार असतो. इथंच खरी गफलत होते. निवृत्तिपूर्व रजा ही रजाच आहे. तुम्ही नोकरीतच असता, दर महिन्याला रजेचा पगार निघतो, त्यावर महागाई भत्ता असतो आणि आयकरही नेहमीसारखा कापला जातो. वर्तणुकीचे नियम लागू राहतात, परवानगीशिवाय दुसरीकडं नोकरी धरता येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, साहेबांनी मंजूर करावा लागतो, आणि रजा हा हक्क नाही हे नियमातच लिहिलेलं असल्यानं ते नाही म्हणू शकतात. शिवाय एक अट पक्की. ती रजा निवृत्तीच्या तारखेपर्यंत, ती तारीख धरून, चालली पाहिजे. साधी अर्जित रजा एका वेळी १८० दिवसांपर्यंत मिळते, निवृत्तिपूर्व म्हणून घेतली तर ३०० पर्यंत, आणि तिला अर्धपगारीही जोडता येते.

रोखीकरण म्हणजे याच्या उलटं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी खात्यात जी रजा न वापरता उरली, तिची रोख रक्कम. त्यासाठी अर्ज लागत नाही. रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतःहून आदेश काढायचा असतो. जास्तीत जास्त ३०० दिवस. हिशोब निवृत्तीच्या दिवशीचं मूळ वेतन अधिक त्या दिवशीचा महागाई भत्ता, भागिले तीस, गुणिले दिवस. घरभाडं त्यात धरत नाहीत. आणि सरकारी नोकराला निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या या रकमेवर आयकर अजिबात नाही. पगाराच्या रुपयाला कात्री लागते, या रुपयाला नाही.

म्हणजे रजा घेतली तर तो दिवस पगारात जातो, नाही घेतली तर रोखीत येतो. एकच दिवस दोनदा विकता येत नाही. हे मला कळत होतं. मला फक्त किती रुपयाला मी ते सहा महिने विकत घेतोय, ते कळायला हवं होतं.

आमचे जुने अकाउंटंट, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, ते निवृत्त होऊन गावातच राहतात. रविवारी अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा नव्हताच.

"तुझी वेतनवाढ कधीची?"

"एक जुलैची."

"मग हा अर्ज फाड."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि पेन्सिलीनं मोजायला लागले. फेब्रुवारीचे २६, मार्च धरून ५७, एप्रिल धरून ८७, मे धरून ११८, जून धरून १४८. "एक जुलै हा तुझ्या रजेचा एकशे एकोणपन्नासावा दिवस. एकशे वीसच्या पलीकडं गेला."

मला काही झेपलं नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं. अर्जित रजेवर असताना पगार मिळतो तो रजेवर जाण्याआधी जो चालू होता तोच. मधे वेतनवाढीची तारीख आली तरी वाढीव पगार हातात पडतो तो कामावर परत रुजू झाल्या दिवसापासून. निवृत्तिपूर्व रजेवर गेलेला माणूस परत रुजू होतच नाही. त्यामुळं शेवटची वेतनवाढ त्याला पगारात कधीच दिसत नाही. हे एवढंच असतं तर जुलै महिन्याचे दोन-तीन हजार बुडाले म्हणून सोडून दिलं असतं. पण पेन्शन ठरते शेवटच्या वेतनावर. रजेवर असताना लागू झालेली, पण प्रत्यक्ष न उचललेली वेतनवाढ पेन्शनसाठी धरतात खरं, पण ती अर्जित रजेच्या पहिल्या १२० दिवसांत आली असेल तरच. एकशे एकविसाव्या दिवशी आली तर गेली.

माझं मूळ वेतन ५८,६०० होतं, जुलैत ६०,४०० होणार होतं. अठराशेचा फरक. पेन्शन निम्मी, म्हणजे महिन्याला ९०० रुपयांचा फरक, वर महागाई सवलत, आणि तो मी असेपर्यंत. पुढं कुटुंब निवृत्तिवेतनातही तोच फरक उतरतो. ग्रॅच्युइटी मला साडेसोळा महिन्यांची बसत होती. अठराशे, त्यावर महागाई भत्ता तोवर ५५ टक्के होईल असं धरून, म्हणजे २,७९०, गुणिले साडेसोळा. ४६,०३५ रुपये. हे सगळं एका तारखेमुळं, आणि अर्ज लिहिताना त्या तारखेचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नव्हता.

"मग रजा उशिरा सुरू करू?" मी विचारलं. ४ मार्चला सुरू केली तर १ जुलै बरोबर एकशे विसावा दिवस येतो, तेही आण्णांनी मोजून ठेवलं होतं. पण मला महिनाभर थांबणं परवडणारं नव्हतं. फेब्रुवारीत घरी ज्वारीची काढणी, बायकोची तिकडं धावपळ, आणि मायजवळ कोणी नाही.

यावर आण्णांनी जो तोडगा काढला तो असा. एक रजा करू नको, दोन कर. पहिली साधी अर्जित रजा, ३ फेब्रुवारी ते ३० जून, १४८ दिवस, म्हणजे १८० च्या आत. १ जुलैला मंगळवार आहे. त्या दिवशी ऑफिसात येऊन रुजू हो. वेतनवाढ तिथल्या तिथं लागू झाली, कामावर असताना लागू झाली, त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. मग २ जुलै ते ३१ जुलै, तीस दिवस, ही निवृत्तिपूर्व रजा. निवृत्तीच्या तारखेपर्यंत चालण्याची अट तिनं पूर्ण होते. एका दिवसाच्या बसच्या खेपेत आयुष्यभराचा फरक वाचला.

"आणि उरलेल्या रजेचे पैसे किती कमी होतील?"

"ते आता बघू. तू चहा सांग."

इथं अर्जित रजेच्या खात्याची एक गंमत समजून घ्यावी लागते. दर १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस आगाऊ जमा होतात, पण खात्यात तीनशेच्या वर साठत नाहीत. माझे २९६ होते. जानेवारीचे पंधरा त्यात मिसळत नाहीत, शेजारी वेगळे लिहितात, २९६ + १५ असे. त्या सहामाहीत रजा घेतली तर आधी त्या पंधरातून कापतात. नाही घेतली तर सहामाही संपताना तीनशेपर्यंत भरून घेतात आणि वरचे पाण्यात. म्हणजे मी रजा घेतली नसती तर माझे अकरा दिवस तसेही वाया जाणार होते.

१४८ मधले पंधरा शेजारच्या खात्यातून गेले, राहिले १३३. ते २९६ मधून वजा, उरले १६३. जुलैत निवृत्ती असल्यानं त्या सहामाहीचे पंधरा मिळत नाहीत, पुऱ्या भरलेल्या महिन्याला अडीच दिवस मिळतात. एकच महिना, अडीचचे तीन धरले, झाले १६६. त्यातून जुलैची तीस गेली. निवृत्तीच्या दिवशी शिल्लक १३६.

मी मनातल्या मनात ३०० वजा १३६ केलं. १६४ दिवस गेले. निवृत्तीच्या दिवशी मूळ वेतन आणि ५५ टक्के भत्ता मिळून ९३,६२० होणार होते, म्हणजे दिवसाला ३,१२० रुपये आणि वर काही पैसे. पाच लाखांच्या वर झालं. तोंड उतरलेलं आण्णांनी बघितलं असावं.

"तुझी अर्धपगारी किती आहे?"

"दोनशेच्या वर. पण ती विकता येत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

सगळेच म्हणायचे. आणि त्यांचंही चूक नव्हतं, कारण त्यांच्या खात्यात तीनशे दिवस अर्जित रजाच भरलेली असायची. केंद्राच्या नियमात निवृत्तीच्या वेळी अर्जित आणि अर्धपगारी दोन्ही धरतात, मर्यादा दोन्ही मिळून ३०० ची. अर्जित रजेनंच तीनशे भरले तर अर्धपगारीला जागा राहत नाही, ती तशीच मातीत जाते. पण अर्जित कमी पडली तर उरलेली जागा अर्धपगारी भरते, अर्ध्या वेतनाच्या दरानं. तिचं रूपांतर करून पूर्ण वेतनाचे दिवस करता येत नाहीत, एवढंच.

म्हणजे माझ्या १३६ ला १६४ दिवस अर्धपगारीचे जोडायचे. आण्णांनी दोन ओळी मांडल्या. अर्जितचे १३६ दिवस, ४,२४,४११ रुपये. अर्धपगारीचे १६४ दिवस, अर्ध्या वेतनावरचा भत्ता धरून, २,५५,८९५ रुपये. दोन्ही मिळून ६,८०,३०० च्या आसपास. एकही दिवस रजा न घेता शेवटपर्यंत बसलो असतो तर ९,३६,२०० मिळाले असते.

म्हणजे मायजवळच्या १७८ दिवसांची किंमत पाच लाख नव्हती. अडीच लाखांच्या थोडी वर होती. जी अर्धपगारी रजा मी छत्तीस वर्षं साठवली आणि जिची किंमत शून्य समजत होतो, तिनं अर्धी भरपाई केली. तरी अडीच लाख म्हणजे काही थोडके नाहीत. ज्याला घरी बसून नुसता आराम करायचाय, त्यानं त्या आकड्याकडं बघून शेवटपर्यंत खुर्ची धरावी, असंच मी सांगेन. मला तो सौदा मान्य होता.

एक विचार माझ्या मनात आला होता की सगळी रजा अर्धपगारीच घ्यावी आणि अर्जितचे तीनशे तसेच ठेवावेत. म्हणजे रोख पूर्ण मिळेल. पण मग महिन्याचा पगार निम्मा, आणि मायची नर्स, फिजिओथेरपी, डायपर हे सगळं पगारातूनच भागवायचं होतं. एकूण हिशोबात फरक फारसा पडत नाही, कारण इथं सोडलं ते तिथं मिळतं. ज्याच्या घरी दुसरा पगार आहे त्याला तो मार्ग बरा, कारण रोखीवर कर नाही आणि पगारावर आहे. आमच्या घरी दुसरा पगार नव्हता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज दिला. दोन अर्ज, एकच टिपण. साहेब समंजस होते, पण दोन गोष्टींवर अडले. पहिली, मार्चअखेर. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या टेबलाचं काम कोण करणार? त्यावर मी जानेवारीभर बसून बिलांची नोंदवही अद्ययावत केली आणि शेजारच्या मुलीला, ती माझ्या मुलीच्या वयाची, रोज दुपारी तासभर सगळं समजावून दिलं. दुसरी गोष्ट १ जुलैची. त्यांनी विचारलं, "एका दिवसासाठी येऊन काय करणार तुम्ही?" मी आढेवेढे घेतले नाहीत. वेतनवाढीसाठी, असं सरळ सांगितलं. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ते जरा हसले, म्हणाले, लिहून द्या टिपणात. लिहून दिलं. २० जानेवारीला पहिला आदेश हातात आला. दुसऱ्यावर "१ जुलैला रुजू झाल्यावर" असा शेरा होता, ते मला रास्तच वाटलं.

पेन्शनचे फॉर्म, संयुक्त फोटो, नामनिर्देशन हे सगळं रजेवर जाण्याआधी भरून दिलं. हे न करता रजेवर गेलो असतो तर उन्हाळ्यात चार-पाच खेपा झाल्या असत्या. तरी एक खेप पडलीच, बायकोची सही एका फोटोवर राहिली होती म्हणून.

त्या पाच महिन्यांबद्दल इथं फार लिहीत नाही. मार्च ते जून वाहतूक भत्ता बंद झाला, कारण पूर्ण महिना रजेवर असलं की तो मिळत नाही. बाकी पगार वेळेवर येत राहिला. मे महिन्यात आमच्याकडं ऊन असं असतं की दुपारी पत्र्याच्या खाली बसवत नाही. मायचं पलंग मधल्या खोलीत हलवलं, जमिनीला शेण सारवून ती गार ठेवली. ती दर दोन-तीन दिवसांनी विचारायची, "आरं, तू हापिसात कामून जाईना? काढलं का काय तुला?" सुट्टीवर आहे म्हटलं की म्हणायची, एवढी सुट्टी कुठं असती का. जूनच्या मध्यापर्यंत ती वॉकर धरून दारापर्यंत येऊ लागली.

१ जुलैला पहाटे पाचची एसटी धरली. नऊ वाजता ऑफिसात. माझ्या खुर्चीवर ती मुलगी बसलेली. ती उठायला लागली, मी म्हटलं बस गं, मला फक्त रुजू अहवाल द्यायचाय. आवक-जावकच्या टेबलावर अहवालावर शिक्का घेतला, हजेरीपत्रकात सही केली. मग दिवसभर काय करायचं हा प्रश्नच होता. एका कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसून जुन्या फायलींच्या पाठी शिवल्या. सुई-दोरा हातात घेऊन बसलेला बघून शिपाई म्हणाला, "भाऊ, शेवटच्या दिवशी तरी चांगलं काम मागायचं." दुपारी साहेबांनी दुसऱ्या आदेशावर सही केली. वेतनवाढीची नोंद सर्व्हिस बुकात होऊन तिच्यावर सही पडलेली डोळ्यानं बघितली, मगच संध्याकाळची गाडी पकडली. गंमत म्हणजे एक दिवस हजर असल्यानं जुलैचा महिना पूर्ण रजेचा ठरला नाही, आणि त्या महिन्याचा वाहतूक भत्ता मिळाला. हे आण्णांच्याही लक्षात आलं नव्हतं.

३१ जुलैला निरोप समारंभाला गेलो, हार घातला, नारळ घेतला. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे आदेश ६०,४०० वर बरोबर आले. रोखीकरणाचा आदेश मात्र ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आला आणि त्यात १३६ दिवसच होते. अर्धपगारीच्या रकान्यात आडवी रेघ. वर टिपणात असंही लिहिलेलं की मी पूर्वी प्रवास सवलतीच्या वेळी वीस दिवसांची रजा विकली होती, ते वीस दिवस तीनशेच्या मर्यादेतून वजा करावेत.

फोन केला तर संबंधित बाबू म्हणाला, अर्धपगारीचे पैसे आम्ही कधी कुणाला दिले नाहीत. मी म्हटलं, तुम्ही दिले नाहीत हे खरं, कारण कुणाची जागाच रिकामी नव्हती. भांडलो नाही. एक पानाचं पत्र लिहिलं. नियम ३९ चा उल्लेख केला, अर्जित कमी पडल्यास अर्धपगारी धरून एकूण ३०० दिवस, हे त्यातलं वाक्य उतरवून दिलं. प्रवास सवलतीच्या वेळी विकलेली रजा, जी सबंध नोकरीत साठ दिवसांपर्यंत विकता येते, ती निवृत्तीच्या तीनशेतून वजा होत नाही, हेही लिहिलं. ते वीस दिवस तेव्हाच माझ्या खात्यातून कापलेले होते, दुसऱ्यांदा कापायचं कारण नव्हतं. सोबत सर्व्हिस बुकातल्या रजेच्या पानाची झेरॉक्स लावली. ती मी जानेवारीतच काढून ठेवली होती, आणि पूर्ण प्रकरणात हे एकच शहाणपण माझं स्वतःचं.

महिनाभर काही हललं नाही. उशीर झाला म्हणून व्याज मागावं असं मेहुण्यानं सुचवलं, पण रोखीकरणाच्या उशिरावर व्याज द्यायची तरतूद नियमात नाही. मेहुणा जिल्हा परिषदेत आहे. त्याला मी हेही बजावलं की माझं बघून तू काही ठरवू नकोस. तुमचं सगळं राज्याच्या नियमांवर चालतं, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१, ते वेगळे. अर्धपगारीचा माझा हिशोब तुझ्या अर्जात उतरवलास तर तोंडावर पडशील, आधी तुमच्या लेखा विभागात विचार.

सप्टेंबरच्या शेवटी सुधारित आदेश निघाला. १३६ अधिक १६४. अर्धपगारीचे २,५५,८९५ घटस्थापनेनंतर खात्यात आले. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी केंद्रानं महागाई भत्ता ५५ वरून ५८ टक्के जाहीर केला, १ जुलैपासून. माझी निवृत्ती ३१ जुलैची, म्हणजे त्या दिवशीचा भत्ता मागाहून ५८ झाला. रोखीकरण, ग्रॅच्युइटी सगळ्याचा फरक निघतो. रोखीकरणाचा फरक मी मोजला, १३,१६७ रुपये. या वेळी पत्र पाठवताना हिशोबाची चौकट करूनच पाठवली. डिसेंबरात तोही आला, रुपयाला रुपया बरोबर.

मधे ऑक्टोबरात ऑफिसातला एक मित्र गावी येऊन गेला. त्याची निवृत्ती ३१ मार्च २०२६ ची, बायकोच्या डायलिसिससाठी त्याला १ नोव्हेंबरपासून घरी राहायचंय. माझ्यासारखेच दोन अर्ज लिहून आणले होते त्यानं, मधे एक दिवस रुजू व्हायचा. मी विचारलं, वेतनवाढ कधीची? जानेवारीची, म्हणाला. मायच्या खोलीतलं कॅलेंडर उतरवून आम्ही मोजायला बसलो. नोव्हेंबरचे तीस, डिसेंबर धरून एकसष्ट. एक जानेवारी बासष्टावा दिवस, म्हणजे पेन्शनला धोका नाही. पण मधे रुजू झाला नाही तर जानेवारी ते मार्च तीन महिने पगार जुन्याच वेतनावर निघणार. तीन महिन्यांच्या फरकासाठी बायकोला एक दिवस सोडून यायचं का, हे त्यालाच ठरवायचं होतं. १ जानेवारीला डायलिसिसचा वार येतो का, ते तो त्याच कॅलेंडरवर बघत होता.